दोष भाताचा की वेळेचा?

रमजानचा दहावा रोजा होता. असरची नमाज आटोपून मी कॉलेजच्या मैदानाकडून घरी निघालो होतो. धावपट्टीच्या कडेला आमचा एक विद्यार्थी गुडघ्यांत मान घालून बसलेला दिसला. पोलीस भरतीची तयारी करणारा, काटक अंगाचा मुलगा. शाबानमध्ये तो 1600 मीटर 5 मिनिटे 20 सेकंदांत पळत होता. त्या दिवशी त्याला 5 मिनिटे 50 सेकंद लागले होते. "सर, दुसऱ्या फेरीनंतर पाय उचलतच नाहीत," तो म्हणाला. रोज्यामुळे असे होत असेल, असे त्याला वाटत होते आणि ते वाटणेच त्याला जास्त बोचत होते.

मी विचारले, "बेटा, सहेरीला आणि इफ्तारला खातोस काय?" त्याने मोबाइल काढून एक तक्ता दाखवला. त्यात पदार्थांची नावे आणि त्यांच्यापुढे आकडे होते. काही नावे हिरव्या चौकटीत, काही लाल चौकटीत. "भात पूर्ण बंद केलाय, सर. त्याचा इंडेक्स 73 आहे. अम्मी रोज रागावते. म्हणते, भात नाही तर घरात शिजवायचं काय? कलिंगडही बंद, त्याचा 76 आहे. आता फक्त हिरव्या रकान्यातलं खातो."

त्या तक्त्यातले आकडे खोटे नव्हते. चुकीचा होता तो त्यांचा वापर. असाच वापर आज आपल्या गावात जिममध्ये, दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आणि घराघरांतल्या मोबाइलवर सर्रास होतो. आमच्या घरांत रमजानमध्ये होतो, तसा शेजारच्या घरांत नवरात्रीच्या नऊ दिवसांतही होतो. म्हणून हा विषय केवळ रोजेदारांचा नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: ग्लायसेमिक इंडेक्स हा पदार्थाविषयीचा आकडा आहे, माणसाविषयीचा नाही. भात चांगला की वाईट, याचे उत्तर ताटात किती भात आहे आणि तो कोणत्या वेळी खाल्ला जात आहे, हे कळल्याशिवाय देता येत नाही.

आकडा येतो कुठून?

1981 मध्ये कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. मधुमेहाच्या रुग्णांना त्या काळी कर्बोदकांचे फक्त वजन सांगितले जाई. जेन्किन्स यांचा प्रश्न साधा होता. सारख्याच वजनाची कर्बोदके भातातून, मसुरीतून आणि सफरचंदातून घेतली, तर रक्तातली साखर सारखीच वाढते का? ती सारखी वाढत नाही, असे दिसून आले.

मोजणीची पद्धत अशी. रात्रभर उपाशी असलेल्या निरोगी माणसांना एखादा पदार्थ इतका खायला देतात की त्यातून पचणारी कर्बोदके बरोबर 50 ग्रॅम मिळतील. मग दोन तास ठरावीक अंतराने रक्त तपासून साखरेच्या चढ-उताराची रेषा काढतात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना 50 ग्रॅम ग्लुकोज पाजून तशीच रेषा काढतात. ग्लुकोजने केलेला उंचवटा 100 धरला, तर पदार्थाचा उंचवटा किती, हा झाला ग्लायसेमिक इंडेक्स. 55 किंवा त्याखाली कमी, 56 ते 69 मध्यम आणि 70 किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त.

या पद्धतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे पदार्थ एकटाच खाल्लेला असतो. आपण नुसता भात क्वचितच खातो. त्यावर वरण असते, सालन असते, दही असते. डाळीतली प्रथिने, तूप-तेल आणि तंतुमय भाग यांमुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखरही सावकाश चढते. म्हणूनच उकडलेल्या बटाट्याचा इंडेक्स 78 असतो आणि तेलात तळलेल्या फ्राइजचा 63. आकडा कमी म्हणजे पदार्थ पौष्टिक, असे मानले तर इफ्तारच्या ताटात समोसा उकडलेल्या बटाट्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसेल. दुसरी गोष्ट प्रमाणाची. 50 ग्रॅम कर्बोदकांसाठी भात पावणेदोनशे ग्रॅम पुरतो, म्हणजे एक मोठी वाटी. कलिंगडातून तेवढीच कर्बोदके मिळवायची तर साडेसहाशे ग्रॅमहून अधिक गर खावा लागतो. प्रयोगशाळेत तो खाल्ला जातो, दस्तरखानावर नाही.

कलिंगडाची सुटका

हीच उणीव भरून काढण्यासाठी 1997 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड ही दुसरी मोजणी वापरात आणली. तिचा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. इंडेक्सला आपल्या ताटातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचे आणि 100 ने भागायचे. एका वेळच्या खाण्याचा लोड 10 किंवा त्याखाली असेल तर कमी, 11 ते 19 मध्यम आणि 20 किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त.

त्या मुलाला मी तिथेच धावपट्टीवरच्या मातीत बोटाने गणित करून दाखवले. इफ्तारला आपण कलिंगडाच्या फोडींची एक बशी घेतो, साधारण 200 ग्रॅम. त्यात कर्बोदके सुमारे 15 ग्रॅम. 76 गुणिले 15 भागिले 100, म्हणजे लोड 11. आता भाताची मोठी वाटी, शिजलेला भात दीडशे ग्रॅम. त्यात कर्बोदके सुमारे 42 ग्रॅम. 73 गुणिले 42 भागिले 100, म्हणजे लोड 31. इंडेक्स जवळजवळ सारखा, पण लोड जवळजवळ तिप्पट. त्याने दहा दिवस ज्या कलिंगडाकडे पाठ फिरवली होती, त्यात बहुतांश पाणीच होते आणि दिवसभराच्या रोज्यानंतर त्याला पाण्याचीच गरज होती.

आता खजूर. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत, त्यामुळे आमच्याकडे खजुराविषयी दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, ती नुसती साखर आहे. कोणी म्हणतो, बरकतीची चीज आहे, कितीही खा. संयुक्त अरब अमिरातीत खजुराच्या पाच जातींवर झालेल्या एका अभ्यासात (2011) त्यांचे इंडेक्स सुमारे 46 ते 55 आले. म्हणजे सगळ्या जाती कमीच्या गटात. पण लहान खजुरातही 7 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तीन खजुरांचा लोड 10 च्या आसपास येतो. दहा खजुरांचा 35 च्या पुढे जातो. इंडेक्स तोच राहिला, लोड मात्र वाटीभर भाताच्या पुढे गेला. सुन्नत दोन-चार खजुरांनीही पुरी होते, हे आमच्यापैकी मधुमेह असलेल्या बुजुर्गांनी विशेष लक्षात ठेवावे.

शरीरातली दोन कोठारे

इथवर पदार्थ आणि ताट झाले. तिसरी गोष्ट आहे वेळेची, आणि त्या मुलाची चूक तिथेच होती.

कर्बोदकांतून मिळालेली साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात दोन ठिकाणी साठवते. एक कोठार यकृतात. ते लहान असते, सुमारे 100 ग्रॅमचे. जेवण नसते तेव्हा रक्तातली साखर टिकवून ठेवणे हे त्याचे काम. एकट्या मेंदूला दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते, त्यामुळे तेरा तासांच्या रोज्यात हे कोठार बरेचसे रिकामे होते. मग शरीर चरबी अधिक जाळू लागते आणि थोडी साखर स्वतः तयारही करते. म्हणूनच निरोगी माणूस रोज्यात आपली कामे नीट करू शकतो.

दुसरे कोठार स्नायूंत. ते मोठे असते, बहुतेकांत 300 ते 500 ग्रॅमचे. त्याचा एक नियम असा की स्नायूतली साखर त्याच स्नायूला वापरता येते, ती परत रक्तात येत नाही. त्यामुळे नुसत्या उपाशी राहण्याने हे कोठार फारसे घटत नाही. ते घटते पळण्याने, वजन उचलण्याने, कबड्डी खेळण्याने. जोरात पळताना पायांना मुख्यतः याच कोठारातली साखर लागते, कारण चरबी तेवढ्या वेगाने जळत नाही.

हे कळले की सहेरीविषयीची एक समजूत गळून पडते. कमी इंडेक्सचे खाल्ले की ताकद मगरिबपर्यंत पुरते, असे म्हणतात. असा कोणताही पदार्थ नाही. ज्वारीची भाकरी असो, हरभऱ्याची उसळ असो, तीन ते पाच तासांत तिचे बहुतेक काम संपते. दुपारी तीननंतर सहेरीतले काही आतड्यात उरलेले नसते. संध्याकाळी साडेपाचला मैदानावर पाय ज्या बळावर पळतात, ते आदल्या रात्री मगरिब ते सहेरीच्या दरम्यान स्नायूंत भरलेले असते. त्या मुलाने ते भरलेच नव्हते.

मग सहेरीला कमी इंडेक्सचा काही उपयोग नाही का? आहे. जास्त इंडेक्सचे खाल्ले तर साखर झपाट्याने चढते, तिला आवरायला इन्सुलिन भरपूर सुटते आणि सकाळी आठ-नऊलाच काहींना गळाल्यासारखे, भुकेजल्यासारखे वाटू लागते. सावकाश पचणाऱ्या सहेरीने ती पहिली घसरण टळते. व्यायामाआधीच्या खाण्याविषयी सिडनीत झालेला 1991 मधला एक अभ्यास बराच गाजला. सायकलपटूंनी व्यायामाआधी एक तास बटाट्याऐवजी मसूर खाल्ली, तेव्हा ते सुमारे वीस मिनिटे जास्त टिकले. पुढच्या अभ्यासांत मात्र हा फायदा नेहमी दिसला नाही. विशेषतः व्यायाम करता करता साखरेचे पाणी प्यायला मिळाले की दोन्हींतला फरक पुसला जातो. रोजेदाराला मधे काही पिता येत नाही, म्हणून त्याने कमी इंडेक्सची बाजू घ्यावी, हे मला पटते. पण ती बाजू काही तासांची आहे, तेरा तासांची नाही.

भाकरीचे आणि भाताचे खरे रूप

2023 हे संयुक्त राष्ट्रांचे भरड धान्य वर्ष होते. तेव्हापासून "भात सोडा, भाकरी खा" हा मंत्र शहरांत पोचला आहे. गावाकडच्या माणसाला याचे हसू येते, कारण त्याने भाकरी कधी सोडलीच नव्हती. भाकरीच्या बाजूने पुरावा आहे. 2021 मध्ये बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात भरड धान्यांचा सरासरी इंडेक्स 53 च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळाचा 72 च्या आसपास निघाला. पण आंतरराष्ट्रीय तक्त्यात भरड धान्याच्या लापशीचा आकडा 67 आहे. धान्याचा प्रकार एक, आकडे दोन, असे का?

कारण इंडेक्स फक्त धान्यावर ठरत नाही, त्याचे काय केले त्यावरही ठरतो. दाणा अख्खा असेल तर पाचक रसाला आत शिरायला वेळ लागतो. पीठ जितके बारीक आणि त्यात पाणी घालून ते जितके जास्त शिजवले, तितके ते लवकर पचते. म्हणून कोंड्यासकट दळलेल्या जाडसर पिठाची भाकरी सावकाश पचते आणि त्याच नाचणीची पातळ पेज भराभर पचते. "नाचणी साखर वाढवत नाही" म्हणून तिची गुळाची लापशी दोन वाट्या पिणाऱ्या मधुमेही माणसाने मीटर लावून पाहावे. गव्हाच्या चपातीचा तक्त्यातला सरासरी आकडा 52 आहे, पण तो कोंड्याच्या कणकेचा. मैद्याच्या नानला तो लावू नये.

तांदळातही असाच फरक आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर 235 जातींचे इंडेक्स तपासले, तेव्हा ते 48 पासून 92 पर्यंत आले. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पिकणारी स्वर्णा ही जात त्यात कमीच्या बाजूला निघाली. फरकाचे मोठे कारण म्हणजे तांदळातल्या स्टार्चचे दोन प्रकार. एक सरळ साखळीचा अमायलोज, जो सावकाश पचतो. दुसरा फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन, जो लवकर पचतो. स्वयंपाकघरात याची खूण दिसते. शिजल्यावर दाणा न् दाणा मोकळा राहतो त्या तांदळात अमायलोज साधारणपणे जास्त असते. इंद्रायणीसारखा चिकट, मऊ होणारा भात लवकर पचणारा. तेव्हा "भाताचा इंडेक्स 73" हे वाक्य "माणसाची उंची साडेपाच फूट" इतकेच खरे आहे.

त्या मुलाचे ताट

दुसऱ्या दिवशी तो आपल्या खाण्याची यादी लिहून घेऊन आला. त्याचे वजन 62 किलो. सहेरीला ओट्स, दोन अंडी, एक सफरचंद. इफ्तारला दोन खजूर, एक पेरू, चिकन आणि अर्धी बाजरीची भाकरी. रात्री दूध. आम्ही बेरीज केली, तर दिवसभराची कर्बोदके दीडशे ग्रॅमच्याही आत भरली. रोज तासभर मध्यम ते जोरकस व्यायाम करणाऱ्याला क्रीडा-आहारशास्त्र दर किलो वजनामागे 5 ते 7 ग्रॅम कर्बोदके सांगते. म्हणजे त्याला निदान 310 ग्रॅम हवी होती. तो निम्म्यावर होता. इंडेक्सच्या हिशेबाने त्याची यादी नमुनेदार होती. पायांच्या हिशेबाने ती उपासमार होती.

आधी आम्ही सरावाची वेळ बदलली. इफ्तारच्या आधी फक्त अर्धा तास हलके पळणे आणि अंग मोकळे करणे. जोरकस फेऱ्या आठवड्यातून तीनदा, तरावीहची नमाज झाल्यावर, रात्री पावणेदहाला. तोवर पोटात पाणीही गेलेले असते. मग ताट घड्याळाला जोडले.

मगरिबला तीन खजूर, एक केळे, कलिंगडाची एक बशी आणि पाणी. कर्बोदके सुमारे 55 ग्रॅम. फळांतल्या साखरेत फ्रुक्टोज असते आणि ते प्रामुख्याने यकृतात जाते. दिवसभरात जे लहान कोठार रिकामे झालेले असते, ते भरायला फळे म्हणूनच योग्य. नमाजनंतर दोन चपात्या आणि वाटीभर डाळ किंवा सालन, आणखी 55 ग्रॅम. हे जेवण कमी इंडेक्सचे आणि मुद्दाम हलके ठेवले, म्हणजे अडीच तासांनी पळताना पोट जड होणार नाही. भजी-समोसे या वेळेतून काढले. त्यांचा इंडेक्स कितीही असो, तेल जठरात बसून राहते आणि दुसऱ्या फेरीला घशाशी येते.

सराव संपल्यावर, रात्री पावणेअकराला, भात. चांगला 250 ग्रॅम, वर डाळ आणि दही. भातातून 70 ग्रॅम, डाळीतून 15. पुढचा व्यायाम लवकर असेल, तर सरावानंतर तासाला दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा संकेत आहे. 62 किलोला ती 62 ते 74 ग्रॅम होतात. नुसत्या भाताचा लोड येथे 51 येतो, म्हणजे तक्त्यात भडक लाल. पण हीच ती वेळ आहे, जेव्हा लाल चौकट हिरवी होते. नुकत्याच काम केलेल्या स्नायूंची दारे साखरेसाठी उघडलेली असतात. आकुंचनामुळे ती इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत घेतात. ऑस्ट्रेलियातल्या 1993 च्या एका अभ्यासात खेळाडूंनी दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर चोवीस तास जास्त इंडेक्सचे अन्न खाल्ले, तेव्हा स्नायूंतला साठा कमी इंडेक्सच्या अन्नापेक्षा जास्त भरला. कर्बोदके दोन्हीकडे सारखीच होती. रोजेदाराकडे भरायला फक्त एक रात्र असते, म्हणून वेगाला त्याच्यासाठी किंमत आहे.

झोपताना पेलाभर दूध आणि दोन खजूर, सुमारे 26 ग्रॅम. सहेरीला ज्वारीची दीड भाकरी, वाटीभर हरभऱ्याची किंवा मुगाची उसळ, दही आणि एक संत्रे. सुमारे 97 ग्रॅम. हरभऱ्याचा तक्त्यातला आकडा 28 आहे, तोच भाकरीला आणखी सावकाश करतो. एकूण बेरीज 318.

पंचविसाव्या रोज्याला तो 5 मिनिटे 24 सेकंदांत पळाला. एका मुलाच्या घड्याळावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी त्यालाही सांगितले. सरावाची वेळ बदलली, पाणी वाढले, याचाही त्यात वाटा आहे. पण पाय उचलत नाहीत ही तक्रार पाचव्या-सहाव्या दिवशीच थांबली होती. त्याच्या अम्मीने निरोप पाठवला की सरांना सांग, भाताचा डबा पुन्हा खाली काढला.

तेच ताट, दुसरा माणूस

आता उलट बाजू. तो रात्री पावणेअकराचा भात मी खाल्ला तर? मी चाळिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीवर बसणारा मास्तर. माझे स्नायूंचे कोठार भरलेलेच असते. 51 लोडची ती साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळेल आणि उरलेली अखेर चरबी होईल. माझ्यासाठी इफ्तारची फळे, दोन चपात्या, उसळ आणि हवा तर अर्धी वाटी मोकळा भात हेच बरोबर. शिवाय लाल सरबताचे दोन पेले नकोत. साखरेचा इंडेक्स 65, म्हणजे फक्त मध्यम. पण पेल्यात पाच चमचे साखर असेल तर दोन पेल्यांचा लोड सहज 30 च्या पुढे जातो आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही.

शेजारच्या घरातल्या एकादशीलाही हेच गणित लागू आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात भरपूर दाण्याचे कूट घालणारी आजी तंतू आणि स्निग्धांशाने त्याची चाल मंदावत होती. दिवसभर देवळात बसणाऱ्याला मात्र दोन बशा खिचडी जास्तच होते.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी इंडेक्स आणि लोड दोन्ही उपयोगाचे आहेत, पण रोजा ठेवायचा की नाही आणि औषध कधी घ्यायचे, हे त्या तक्त्यावर नव्हे तर डॉक्टरांबरोबर रमजानच्या आधी ठरवायचे असते. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तपासणीत साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर दिसली, तर रोजा लगेच सोडावा, असे मधुमेह तज्ज्ञांच्या रमजानसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. खेळाडूनेही खुणा ओळखाव्यात. पाय जड होणे हे कोठार न भरल्याचे लक्षण, त्याचा इलाज रात्रीच्या ताटात आहे. पण थरथर, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही रक्तातली साखर घसरल्याची लक्षणे असू शकतात. तिथे जिद्द दाखवायची नाही. आजाऱ्याला सवलत देणारा दीन आपला आहे. सुटलेला रोजा नंतर ठेवता येतो.

त्या मुलाने आता मोबाइलमधला तक्ता काढून टाकलेला नाही. त्याने त्यात स्वतः दोन रकाने वाढवले आहेत. एकावर लिहिले आहे "किती?" आणि दुसऱ्यावर "कधी?" रंगाच्या चौकटी मात्र त्याने पुसल्या आहेत.